PPMT ने शून्य दाखवलं म्हणून मुद्दल फिटलंच नाही?

"गृहकर्जवाल्यांनो, जागे व्हा! 30 लाख, 9 टक्के, 20 वर्षं. एक्सेलमध्ये PPMT लावून बघा, 60 व्या हप्त्यात मुद्दल शून्य! पाच वर्षं बँक नुसतं व्याज खाते. वर उत्तरं उणे येतात, म्हणजे कर्ज वाढतंच आहे. आणि IPMT चं व्याज बँकेच्या स्टेटमेंटशी जुळत नाही, हाच चोरीचा पुरावा. सगळ्यांना पाठवा."

आधी ते शून्य. या आकड्यांवर ते यायला सूत्र असं लिहावं लागतं:

```
=PPMT(9%,60,240,3000000)
```

240 हे महिने आहेत आणि 9% हा वर्षाचा दर. एक्सेलला ते कळत नाही. हप्ते महिन्याचे दिले तर दरही महिन्याचाच, असं ते धरून चालतं. महिना 9 टक्के म्हणजे सावकारालाही लाजवेल असा दर! त्या दराने 60 व्या हप्त्यात मुद्दलापोटी जेमतेम पाच पैसे जातात आणि दशांश बंद असले की शून्यच दिसतं. शेजारच्या सेलमध्ये याच पद्धतीने IPMT लावलं असतं तर एका महिन्याचं व्याज 2,70,000 रुपये आलं असतं आणि चूक तिथेच उघडी पडली असती. दराला 12 ने भागून पुन्हा लिहू:

```
=IPMT(9%/12,60,240,3000000)
=PPMT(9%/12,60,240,3000000)
```

आता व्याज 20,011.44 आणि मुद्दल 6,980.34. दोन्हींची बेरीज 26,991.78, म्हणजे PMT ने येणारा हप्ताच. पण नुसत्या या बेरजेवर विसंबू नका, दर चुकला तरी ती जुळतेच. आलेला हप्ता आपल्या खात्यातून जाणाऱ्या हप्त्याशी ताडून बघा.

"नुसतं व्याज" याचा निकाल एका सूत्रात लागतो:

```
=CUMPRINC(9%/12,240,3000000,1,60,0)
```

पहिल्या 60 हप्त्यांत 3,38,789 रुपये मुद्दल फिटलेलं असतं. सुरुवातीला व्याजाचा वाटा जड असतो हे मात्र खरं, आणि मेसेज पटतो तो त्यामुळेच. पण त्यात बँकेची वेगळी खेळी नाही. व्याज त्या महिन्याच्या शिल्लक रकमेवर लागतं आणि सुरुवातीला शिल्लकच मोठी असते. या कर्जात मुद्दलाचा वाटा व्याजाच्या पुढे जातो तो थेट 149 व्या हप्त्यात.

उणे चिन्हाचं फार मनावर घेऊ नका. कर्ज हातात आलं म्हणून अधिक, हप्ता हातातून गेला म्हणून उणे, एवढाच त्याचा अर्थ. चिन्ह नको असेल तर = च्या लगेच पुढे उणे लिहा. काही जण 3000000 च्या आधी लिहितात. IPMT आणि PPMT ला ते चालतं, पण CUMPRINC उणे रक्कम घेत नाही आणि #NUM! दाखवतं.

राहिला स्टेटमेंटचा मुद्दा, आणि खरी गोम इथे आहे. ही सूत्रं दर, मुदत आणि हप्ता पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच आहे असं समजतात. आपल्याकडे ऑक्टोबर 2019 पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेली असतात आणि तीन महिन्यांतून किमान एकदा दर नव्याने ठरतो. समजा 60 हप्त्यांनंतर दर 8.5 टक्के झाला. जुन्याच सूत्रात 8.5% घालून 61 व्या हप्त्याचं व्याज काढलं तर 18,727 येतं. बँक लावेल 18,850. कारण जुनं सूत्र पहिल्या दिवसापासून 8.5 टक्केच होते असं धरून शिल्लक कमी मोजतं. खरी शिल्लक 26,61,211 आहे. तिथून नवं कर्ज सुरू झालं असं समजून per, म्हणजे हप्त्याचा क्रमांक, पुन्हा 1 करायचा:

```
=IPMT(8.5%/12,1,180,2661211)
```

PPMT ला इथे जपून वापरा. बँकेने हप्ता कमी केला असेल तर 180 बरोबर. हप्ता तोच ठेवून मुदत घटवली असेल, आणि बऱ्याचदा तसंच होतं, तर मुदत आधी NPER ने काढावी लागते. ती साधारण 170 महिने येते. त्यापेक्षा सोपं म्हणजे हप्त्यातून व्याज वजा करायचं: 26,992 उणे 18,850, मुद्दल 8,142. मध्येच एकरकमी काही भरलं असेल तर भरल्यानंतरची शिल्लक घेऊन हेच करायचं.

यानंतरही दर महिन्याला थोडा फरक मागेपुढे होत राहिला तर बँक दिवस मोजून व्याज लावते का ते बघा. 30 लाखांवर 9 टक्क्यांनी 31 दिवसांचं व्याज 22,932 होतं आणि IPMT पहिल्या महिन्याला 22,500 सांगतं. फेब्रुवारीत हाच फरक उलटा पडतो. दर बदलल्याची तारीख, दिवस आणि एकरकमी भरणा हे सगळं धरूनही आकडा एकाच बाजूला वाढत गेला, तर शाखेत जाऊन लेखी विचारा.