मिलमनच्या सूत्रातला छेद: एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: «दोन बॅटऱ्यांच्या उदाहरणात तुम्ही लोडचा रोधही छेदात धरला आहे. त्या शाखेत स्रोतच नाही, मग ती सूत्रात यावी कशाला? १२.६ आणि १२.० व्होल्टची सरासरी १२.३ येते, तेवढे व्यवहाराला पुरे. शिवाय हे सगळे नोडल पद्धतीने निघतेच, तर वेगळ्या प्रमेयाचे स्तोम का?»

नमस्कार. उदाहरण असे होते: दोन बॅटऱ्या समांतर जोडून एकच लोड चालवायचा आणि सगळ्यांचे समाईक व्होल्टेज मिलमनच्या सूत्राने काढायचे. शेवटचा आक्षेप आधी घेतो, कारण त्यावर आपला वाद नाही. जेकब मिलमन यांनी १९४० साली मांडलेले हे प्रमेय म्हणजे एकाच नोडवर लावलेला किरचॉफचा प्रवाहनियमच आहे. समाईक व्होल्टेज V, शाखेतल्या स्रोताचे व्होल्टेज E आणि शाखेचा रोध R मानला, तर प्रत्येक शाखेतून नोडकडे येणारा प्रवाह (E − V)/R होतो आणि अशा सर्व प्रवाहांची बेरीज शून्य असते. त्यातून V वेगळा काढला की सूत्र हाती येते:

V = (E₁/R₁ + E₂/R₂ + …) / (1/R₁ + 1/R₂ + …)

लोडच्या शंकेचे उत्तर याच मांडणीत आहे. लोडच्या शाखेत E शून्य असल्यामुळे अंशात तिची भर पडत नाही, पण तिच्यातून V/R एवढा प्रवाह नोडपासून दूर वाहत असतो, आणि तो हिशेबातून गाळला तर किरचॉफचा नियमच मोडतो. म्हणून तिचा 1/R छेदात येतो.

आता तेच उदाहरण आकड्यांनिशी पाहू. नव्या बॅटरीचे व्होल्टेज १२.६ आणि अंतर्गत रोध ०.०५ ओहम, जुनीचे १२.० आणि ०.१० ओहम, तर लोड २ ओहमचा आहे. अंशात २५२ आणि १२० मिळून ३७२ येतात. छेदात २०, १० आणि लोडचा ०.५ मिळून ३०.५. समाईक व्होल्टेज सुमारे १२.२० निघते. लोड काढून टाकला तर छेद ३० उरतो आणि व्होल्टेज नेमके १२.४ येते. तुमची १२.३ ही सरासरी या दोहोंपैकी कुठेच बसत नाही, कारण साधी सरासरी दोन्ही बॅटऱ्यांना सारखे वजन देते, तर प्रत्यक्षात कमी अंतर्गत रोधाची बॅटरी व्होल्टेज आपल्याकडे दुप्पट जोराने ओढते.

०.१ व्होल्टने काय बिघडते, असे कोणी विचारेल. व्होल्टमीटरवर फारसे काही दिसणार नाही, पण प्रवाहात फरक मोठा पडतो, कारण भागायचे आहे ते ०.०५ सारख्या छोट्या रोधाने. १२.२० व्होल्टला नवी बॅटरी सुमारे ८.१ अँपिअर देते, त्यातले ६.१ लोडला जातात आणि उरलेले सुमारे २ अँपिअर जुन्या बॅटरीत शिरून तिला चार्ज करतात. १२.३ धरून तोच हिशेब केला, तर नवी ६ अँपिअर देते, जुनी ३ खाते आणि लोडला मात्र ६.१५ हवे असतात. ही बेरीज जुळत नाही. उत्तर तपासण्याची माझ्या मते हीच सर्वांत खात्रीची रीत आहे: V काढल्यावर प्रत्येक शाखेचा प्रवाह मांडून पाहावा, बेरीज शून्य झाली नाही, तर एखादी शाखा राहिली आहे किंवा चिन्ह चुकले आहे.

छेदातल्या लोडचे खरे महत्त्व पुढे कळते. जुनी बॅटरी लोडला मदत कधी करू लागेल? समाईक व्होल्टेज १२.० च्या खाली गेल्यावर. ३७२ ला १२ ने भागले की छेद ३१ हवा, म्हणजे लोडचा वाटा १, म्हणजेच लोड १ ओहमचा. त्या क्षणी नवी बॅटरी एकटीच १२ अँपिअर पुरवते आणि जुनी नुसती जोडलेली असते. लोडचा रोध १ ओहमपेक्षा जास्त असेपर्यंत जुनी बॅटरी ओझेच असते, हे निदान लोडची शाखा गाळून करताच येत नाही. नोडल पद्धतीनेही ते निघते, पण या सूत्रात ते नजरेसमोर असते.

काही पथ्ये मात्र पाळावी लागतात. एखादी बॅटरी उलट जोडली असेल, तर अंशातील तिचे पद ऋण धरावे. बॅटऱ्यांमधल्या तारेचा रोध अशा छोट्या अंतर्गत रोधांपुढे नगण्य नसतो, म्हणून तो ज्या शाखेत येतो त्या शाखेच्या रोधात मिळवावा. एखाद्या शाखेचा रोध शून्य मानला तर भागाकार अडतो. पण तेव्हा सूत्राची गरजच उरत नाही, समाईक व्होल्टेज त्या स्रोताचेच असते. आणि बॅटरीचे E व R चार्जिंगनुसार बदलत राहतात, त्यामुळे हे उत्तर त्या घडीपुरतेच खरे असते, तासाभरानंतरचे नव्हे.

पडताळून पाहायचे असेल, तर जुन्या बॅटरीच्या तारेभोवती डीसी क्लॅम्प मीटर लावून लोड वाढवत न्यावा. आकडा शून्यावर येऊन चिन्ह पालटते त्या जागी लोडचा प्रवाह १२ अँपिअरच्या आसपास असायला हवा. फक्त एसी मोजणारा क्लॅम्प मीटर इथे काहीच दाखवणार नाही.