हिशोब जुळला, टास्क गेले

माझ्या नावावर २,३४० उघडे टास्क आहेत. मी फार कामाचा माणूस आहे असं नाही, कुणाला द्यायचं ते सुचलं नाही की माझ्या नावावर टाकतात. तर हे सगळे एका फाईलमध्ये ओढायला स्क्रिप्ट लावलं. प्लॅटफॉर्म एका वेळी १०० च देतो, म्हणजे २४ पानं, चहा होईपर्यंत आटपेल असं वाटतं.

नऊ पानं आली आणि दहाव्याला `429 Too Many Requests`. सोबत `Retry-After: 60`, म्हणजे साहेब म्हणतायत मिनिटभर गप बसा. आता इथं लगेच परत मागण्यात काही अर्थ नसतो, काही ठिकाणी तर ते नकार मिळालेले कॉलसुद्धा कोट्यातून कापतात, म्हणून स्क्रिप्ट मुकाट ६० सेकंद झोपलं. वर वर पाहता शहाण्यासारखं.

पण नेमकं त्याच मिनिटात, एरवी महिनोन्‌महिने कशाला हात न लावणाऱ्या सहकाऱ्याला हुक्की आली आणि त्याने माझ्या यादीतले सगळ्यात जुने तीन टास्क बंद केले. यादी जुने आधी अशी लावलेली, फिल्टर फक्त उघड्यांचा, त्यामुळे रांगेतली पुढची तीन माणसं निघून गेल्यावर होतं तेच झालं, सगळे तीन पावलं पुढे सरकले. स्क्रिप्ट उठलं, `offset=900` मागितलं आणि त्याला मिळाला मूळचा ९०४ वा. ९०१, ९०२, ९०३ मागच्या पानात सरकून बसले, तिकडे आता कोण बघतंय!

एरर नाही, लॉग स्वच्छ, सगळीकडे 200. आणि खरा छळ पुढेच आहे, शेवटी प्लॅटफॉर्म म्हणतो एकूण २,३३७, फाईलमध्येही २,३३७. जुळलं की! फक्त त्यात तीन मेलेले आहेत आणि तीन जिवंत गायब आहेत. डुप्लिकेट आले असते तर निदान डोळ्यांना दिसले तरी असते.

हे पकडायचं तर पुढचं पान एक टास्क मागे सरकून मागायचं, म्हणजे `offset=899`, आणि पहिल्याचा आयडी आपल्याकडच्या शेवटच्याशी जुळतो का बघायचं. नाही जुळला तर यादी हललीय. पण कर्सर मिळत असेल तर या भानगडीत पडूच नये:

```python
params["cursor"] = data["next_cursor"]
```

कर्सर सहसा "या टास्कच्या पुढचे द्या" असं सांगतो, कितवा ते मोजतच नाही, त्यामुळे मागे कुणी काही बंद करो, तुम्ही मिनिटभर झोपा नाहीतर दहा मिनिटं (काही कर्सर एक्स्पायर होतात, तेवढं डॉक्युमेंटेशनमध्ये बघून झोपा). आणि थांबायचं ते `next_cursor` रिकामा आल्यावरच. पानात १०० च्या ऐवजी ८७ आले म्हणून संपलं समजू नका, काही प्लॅटफॉर्म आधी १०० उचलतात आणि मग तुम्हाला दिसू नयेत ते गाळतात.

९०२ वा टास्क होता "जुन्या टास्कची यादी एक्स्पोर्ट करणे", अर्जंट.