साखरपुड्यात हिऱ्याचा खडा कुणी टाकला?

"मार्केटिंग कुठलीही गरज निर्माण करत नाही. गरज आधीपासून असतेच, जाहिरात फक्त माहिती देते. ग्राहक दूधखुळा नाही, नको असेल तर तो घेत नाही. म्हणून तर कित्येक जाहिराती साफ आपटतात. आणि याच इच्छांवर लाखो घरांच्या चुली पेटतात, हे विसरू नका."

अध्यक्ष महाराज, परीक्षक आणि मित्रहो, 'मार्केटिंग अनावश्यक इच्छा निर्माण करतं' या आजच्या ठरावाच्या बाजूने मी बोलते आहे. गेला आठवडाभर आमच्या वर्गाच्या ग्रुपवर हा मजकूर फिरतोय आणि आज प्रतिपक्षाच्या पहिल्या वक्त्याने तो जवळजवळ तोंडपाठ म्हणून दाखवला. बरंच झालं, आयता हातात आला. शाम्पू, मोबाईल, थंड पेयं असं दहा ठिकाणी न धावता मी एकच वस्तू घेते, साखरपुड्याची हिऱ्याची अंगठी. मी ठाण्याला नौपाड्यात राहते. राम मारुती रोडवरून कॉलेजला येताना ही वस्तू मला रोज, नको म्हटलं तरी, मोठ्या फलकावरून दिसते.

पहिला मुद्दा जपानमध्ये नेऊन तपासू. १९५९ पर्यंत तिथे हिऱ्यांची आयातच खुली नव्हती. म्हणून जपानी माणसाला हिरा माहीत नव्हता, असं कुणी म्हणेल तर मान्य. पण आयात खुली झाल्यावर आठ वर्षांनी, म्हणजे १९६७ मध्येसुद्धा, लग्न ठरल्यावर हिऱ्याची अंगठी घेणाऱ्या मुली शंभरात पाचसुद्धा नव्हत्या. दुकानं होती, माल होता, देशात पैसा येत होता. गरज जर मनात दबा धरून बसली होती, तर आठ वर्षं ती बाहेर का आली नाही? लग्नं तर होतच होती. शिंतो पद्धतीने वधूवर एकाच पात्रातून साके पीत, आणि अंगठीवाचून कुणाचं काही अडत नव्हतं.

त्या वर्षी डी बिअर्स या हिरे कंपनीने जे. वॉल्टर थॉम्प्सन या एजन्सीकडून तिथे मोहीम सुरू केली. जाहिरातींतल्या बायका चेहऱ्याने पाश्चात्त्य, कपडे युरोपी, आणि त्या करायच्या काय, तर सायकल चालवायच्या, डोंगर चढायच्या, समुद्रात पोहायच्या. बोटात अर्थातच हिरा. म्हणजे विकला जात होता तो खडा नव्हे. जुन्या वळणाच्या घरातून बाहेर पडलेली, नव्या काळातली मुलगी, हे चित्र विकलं जात होतं. १९८१ पर्यंत जपानमधल्या साधारण ६० टक्के नववधूंच्या बोटात हिरा आला. चौदा वर्षांत.

प्रतिपक्ष म्हणेल, त्या काळात जपान श्रीमंत झाला, म्हणून खरेदी वाढली. श्रीमंतीने हात सैल होतो, हे खरं. पण सैल झालेला हात नेमका याच वस्तूकडे का वळला, याचं उत्तर श्रीमंतीत सापडत नाही.

एक गोष्ट मी मोकळेपणाने मान्य करते. लग्न ठरलं की काहीतरी द्यावं, गोड करावं, ही ओढ कुठल्याही कंपनीने निर्माण केलेली नाही. आपल्या साखरपुड्याचं नावच सांगतं की मुलीच्या हातात साखरेचा पुडा द्यायचे. गोवळकोंड्याचे हिरे तर आपल्याच देशातले, पण ते राजेरजवाड्यांसाठी. मार्केटिंग ही जुनी ओढ पकडतं आणि तिच्या गळ्यात नवी अट अडकवतं. आज आमच्या घरात "मुलाकडचे हिरा देणार ना?" असा प्रश्न विचारला जातो. आजीच्या वेळी हा प्रश्न नव्हता. ओढ तीच राहिली, अट तेवढी वाढली, आणि आजचा ठराव त्या अटीबद्दल आहे.

आता माहितीचं बघू. 'हीरा है सदा के लिए' हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. मूळ इंग्रजी ओळ १९४७ सालची, एन. डब्ल्यू. एअर या एजन्सीत काम करणाऱ्या फ्रान्सिस गेरेटी यांची. (त्यांनी स्वतः कधीच लग्न केलं नाही.) या ओळीत माहिती कोणती? वजन नाही, भाव नाही, दर्जा नाही. हिऱ्याचा टवका उडू शकतो, तो जळूही शकतो, त्यामुळे 'सदा' हेही शब्दशः खरं नाही. ओळ एकच काम चोख करते. ती सांगते की हा खडा विकायचा नसतो. घरोघरचे हिरे परत बाजारात आले, तर नव्याचा भाव कोसळेल, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

माझ्या आत्याने २०१४ मध्ये ५२,००० रुपयांना हिऱ्याची अंगठी घेतली होती. ३० सेंटचा खडा, म्हणजे ०.३० कॅरेट, त्याचे ३८,०००. अठरा कॅरेटचं चार ग्रॅम सोनं, त्याचे साडेआठ हजार. बाकी घडणावळ आणि कर. २०२४ च्या दिवाळीत पैशांची गरज पडली म्हणून ती विकायला काढली. मूळ दुकान तोवर बंद झालेलं. मी सोबत होते. दुसऱ्या एका सराफाने अंगठी काट्यावर ठेवली, घट धरली आणि सोन्याचे २२,००० सांगितले. मग डोळ्याला भिंग लावलं, खडा खिडकीकडे धरून फिरवला आणि म्हणाला, "ताई, बिल आमचं असतं तर बघितलं असतं. दुसऱ्याचा खडा आम्ही घेत नाही. अगदीच द्यायचा असेल, तर नऊ हजार." सर्टिफिकेट आत्याने पर्समधून काढलं होतं, ते त्याने उघडूनसुद्धा पाहिलं नाही.

म्हणजे ज्याच्या 'सदा'ची ग्वाही दिली होती, त्याचे ३८ चे ९ झाले, आणि जाहिरातीत ज्याचं नावही नव्हतं, त्या चार ग्रॅम सोन्याने अंगठीची लाज राखली. एका अंगठीवरून सगळा बाजार ठरत नाही, कबूल. मग ही सभा संपल्यावर राम मारुती रोडवर चक्कर मारा. सोन्याचा आजचा भाव बहुतेक दुकानांत पाटीवर लिहिलेला दिसेल. हिऱ्याच्या भावाची पाटी शोधून दाखवा. प्रत्येक खडा रंगाने, निर्मळपणाने, पैलूंनी वेगळा असतो, म्हणून एकच भाव लावता येत नाही, हे कारण खरंच आहे. पण मग गिऱ्हाइकाला सर्वांत जास्त माहितीची गरज जिथे आहे, तिथे जाहिरातीने त्याला काय दिलं? तर पगाराची फूटपट्टी. डी बिअर्सच्या जाहिरातींनी अमेरिकेत दोन महिन्यांचा पगार सांगितला, जपानमध्ये तीन महिन्यांचा. खडा तोच, मग दर माणसाच्या पगारावर का ठरावा? वडापाव घेताना कुणी पगार विचारतं का?

तिसरा मुद्दा हुशार आहे. जाहिराती आपटतात, हे खरं आहे. पण कोळ्याचं जाळं दहा वेळा रिकामं आलं, म्हणून तो मासे पकडतच नाही, असं चेंदणीच्या बंदरावर जाऊन म्हणून बघा. आपटलेल्या जाहिराती मोजत बसण्यापेक्षा लागू पडलेली एक जाहिरात नीट उलगडून पाहावी. मला सर्वांत जास्त वेळ याच गोष्टीला द्यायचाय.

१९५० च्या दशकाच्या मध्यावर सायबेरियात याकुतियाच्या बर्फाखाली हिऱ्यांच्या खाणी सापडल्या. खडे पुष्कळ, पण बहुतेक बारीक, अर्ध्या कॅरेटच्याही आतले. सोव्हिएत रशियाने ते मोकळे बाजारात सोडले असते, तर भाव पडले असते. म्हणून डी बिअर्सने ते स्वतःच विकत घ्यायचा करार केला. आता पंचाईत अशी की तोपर्यंतची दोन दशकं त्यांच्याच जाहिराती सांगत आल्या होत्या, जेवढं प्रेम मोठं तेवढा खडा मोठा. मग या बारीक खड्यांचं करायचं काय?

साखरपुड्याच्या मुलीला ते खपणार नव्हते. म्हणून नवं गिऱ्हाईक शोधलं, लग्नाला बरीच वर्षं झालेली बाई. पंचवीसपर्यंत बारीक खडे ओळीने बसवलेली 'इटर्निटी रिंग' पुढे आली आणि नवऱ्याने बायकोवर पुन्हा प्रेम व्यक्त करण्याची ती खूण ठरली. अशा घडणीच्या अंगठ्या पूर्वी नव्हत्याच असं नाही. पण चाळिशीच्या बाईला दुसरी अंगठी हवीच, ही भावना गोदामातल्या साठ्याच्या मापाने शिवली गेली. आधी माल आला, मग इच्छा आली.

याहून गंमत पुढे आहे. मोहीम इतकी लागू पडली की बारीक खडा म्हणजे कमी प्रेम, ही समजूतच विरघळली. लोक साखरपुड्यालाही लहान हिरे घ्यायला लागले आणि मोठे खडे पडून राहिले. तेव्हा एन. डब्ल्यू. एअर याच एजन्सीला सूर उलटा लावायला सांगितलं गेलं, मोठ्या खड्याचं कौतुक पुन्हा सुरू करा म्हणून. ग्राहक तोच, त्याची लग्नं तीच. एकदा मोठा, मग लहान, मग परत मोठा. दूधखुळा तो नव्हताच. शहाणा माणूस आजूबाजूच्या चार लोकांकडे बघून आपली पायरी ठरवतो, आणि इथे ते चार लोकच बदलले जात होते.

राहिल्या चुली. सुरतेत बहुतेक करून बारीक हिऱ्यांनाच पैलू पडतात आणि त्यावर लाखो कारागीर जगतात, हे मी नाकारत नाही. पण इच्छा अनावश्यक आहे की नाही, हे तिच्यावर किती जण जगतात त्यावरून ठरत नाही. उलट २०२३-२४ मध्ये परदेशातली मागणी घटली, प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांचे भाव गडगडले, आणि सुरतेत घंट्या, म्हणजे पैलू पाडायची चाकं, बंद पडली. ज्यांनी ही हौस लोकांना लावली, त्यांच्या घरची चूल तेव्हा विझली नाही.

माझ्या वेळेची पहिली घंटा झाली आहे, तेव्हा एक प्रश्न ठेवून थांबते. प्रतिपक्षाला उत्तरासाठी दोन मिनिटं आहेत. त्यांनी एवढंच सांगावं: चाळिशीतल्या बायकांना बारीक खड्यांची आस नेमकी तेव्हाच का लागली, जेव्हा तिजोरीत बारीक खडे साचले होते?