नांदणीच्या माधुरीवरून

विश्रामबागच्या आमच्या कट्ट्यावर नांदणीच्या माधुरीचा विषय निघाला की विलास उभं राहून बोलतो. माधुरी ही नांदणीच्या जैन मठाची हत्तीण. कोर्टाच्या आदेशानं तिला गुजरातेत अंबानींच्या वनतारात नेलं, आणि त्या रागानं इकडच्या लोकांनी जिओची सिमकार्डं बदलली. एरवी ग्रामपंचायतीपासून अमेरिकेपर्यंत सगळं तो बसूनच निकालात काढतो. पण त्या संध्याकाळी एका हातात भडंगाचा कागद आणि दुसऱ्या हातात मोबाईल घेऊन तो उभा होता.

"आमच्या मठाची हत्तीण. आम्ही पाळली, आम्ही पूजली. मी तर सिमकार्डसुद्धा बदललं. तुमच्यापैकी कुणी बदललं?"

शिरीष वकील आहे, त्यामुळे तो लगेच निकालावर आला. "हायकोर्टानं स्पष्ट सांगितलंय. माणसाचा धार्मिक कामासाठी हत्ती वापरायचा हक्क आणि हत्तिणीचा नीट जगायचा हक्क समोरासमोर आले, तर हत्तिणीचा हक्क वरचढ. सुप्रीम कोर्टानं तेच कायम ठेवलं. विषय संपला."

"दुसऱ्यांचे विषय बरे संपतात तुझ्याकडं," सुभान म्हणाला. "माझा बांधाचा दावा मात्र तारखेवरच हाय अजून."

शिरीषनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. विलास मात्र पेटला होता. "अरे, अनेकांतवाद आपल्या जैनांचाच की! सगळ्यांचंच बरोबर असतंय. म्हणजे आपलंपण बरोबर!"

तेव्हा आण्णांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. आण्णांची तासगावकडं द्राक्षबाग आहे आणि रोज स्वाध्याय आहे. ते क्वचितच मध्ये पडतात.

"सगळ्यांचंच बरोबर, हे कुठल्या आचार्यांनी लिहिलंय, विलास? मी तरी वाचलं नाही. तू म्हणतोस माधुरी मठात सुखात होती. कुठल्या बाजूनं, ते आधी सांग."

"बाजू कसली? सुखात होतीच."

"बघ, इथंच घोटाळा हाय. कुठलीबी गोष्ट द्रव्य, क्षेत्र, काळ आणि भाव, म्हणजे वस्तू, जागा, वेळ आणि अवस्था बघून बोलायची असती. मायेच्या बाजूनं बघितलं तर ती सुखात होती. १९९२ पासून गावानं तिला लेकीसारखं वागवलं, ते काय खोटं नाही. पायाच्या बाजूनं बघितलं तर नव्हती. समितीच्या अहवालात नखांचं, तळव्यांचं, सांध्यांचं दुखणं लिहिलंय. मठाला तो अहवाल मान्य नाही, ते मला ठाऊक हाय. पण अहवाल बाजूला ठेवला तरी हत्तीण कळपात राहणारी जात, आणि ही इतकी वर्षं एकटी. त्या बाजूनंबी नव्हती. बाजू सांगून बोललास तर तुझं वाक्य नय, म्हणजे एका बाजूचं खरं. बाकीच्या बाजू झटकून 'होतीच' म्हणालास की तो दुर्नय झाला."

शिरीष खूश होऊन हसला. आण्णा त्याच्याकडं वळले.

"तू हसू नको. तुझा निकालबी एक नयच हाय. तिकडं उपचार मिळाले, दुसरे हत्ती मिळाले, हे धरलंस. रोजची माणसं, रोजचा आवाज एका रात्रीत तुटला, त्याचं काय? ते सोडून 'विषय संपला' म्हणणं म्हणजे विलासचंच भावंड."

सुभान म्हणाला, "म्हणजे आण्णा, दोन्ही डगरींवर हात! कुणालाच वाईट म्हणायचं नाही."

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटला, कारण अनेकांतावर सगळ्यात जास्त घेतला जाणारा आक्षेप हाच आहे. शिरीषनं त्यात भर घातली की अनेकांताला बौद्धिक अहिंसा म्हणतात, म्हणजे वादच घालायचा नाही.

"ते नाव विसाव्या शतकातलं," आण्णा म्हणाले. "जुने आचार्य वादाला कुठं भीत होते? मल्लिषेणांची स्याद्वादमंजरी वाच. वैशेषिक, बौद्ध, चार्वाक, एकेकाला धरून पिंजून काढलंय. आठव्या शतकातल्या हरिभद्रांनी सांगितलं, 'पक्षपातो न मे वीरे न द्वेषः कपिलादिषु'. महावीरांकडं माझा ओढा नाही, सांख्यांच्या कपिलांचा द्वेष नाही, ज्याचं बोलणं युक्तीला धरून असंल त्याचं घ्यायचं. म्हणजे पारख करायचीच हाय. पण त्याच हरिभद्रांनी षड्दर्शनसमुच्चयात दुसऱ्यांची दर्शनं मांडली, ती वाकडी करून नाही, त्यांची ती मांडतील तशी. आधी दुसऱ्याचं पुरतं ऐकायचं, मग खोडायचं. तू त्या प्राणिमित्रांचं काय ऐकलंस, विलास? ग्रुपवर त्यांच्या आईबापांचा उद्धार तेवढा केलास."

विलासनं मोबाईल खिशात घातला. "मग निवाडा कशावर करायचा?"

"अहिंसेवर. अनेकांत तुला सगळ्या बाजू दाखवतोय, त्यातली कुठली जड ते अहिंसा सांगती. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार, म्हणजे त्या व्रताला डाग लावणाऱ्या पाच चुका दिलेत. बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. बांधणं, मारणं, अवयव कापणं, जास्त ओझं लादणं, दाणापाणी तोडणं. पहिला कुठला?"

कुणी बोललं नाही. आण्णाच पुढं म्हणाले, "बांधणं. ही यादी संसारी माणसासाठी हाय, मुनींसाठी नाही. घरात बैल असणार, दावं असणार, हे धरूनच लिहिलंय. म्हणून जुन्या टीकांत सांगतात, बांधायचं तर सैल बांधा, आग लागली तर जनावराला सुटता आलं पाहिजे. आता त्या मापानं साखळी मोज. आणि आचार्य अमृतचंद्र तर म्हणतात, मनात आसक्ती, द्वेष उपजू न देणं हीच अहिंसा. आपली माया खरी हाय, पण ती सोडवंना म्हणून हत्तिणीनं फरशीवर उभं राहायचं, तर त्या मायेचीबी झडती घ्यावी लागंल."

मला आण्णांचं पटलं. गावाचं रडणं खरं होतं, ते मी पाहिलंय, आणि आण्णा त्या रडण्याला कुठेच खोटं म्हणाले नाहीत. पण रडणाऱ्याला शेवटचा शब्द द्यायचाच, हे त्यांनी मान्य केलं नाही. आपल्याकडं सहिष्णुतेच्या नावाखाली नेमकं हेच होतं. ज्याला जास्त लागलं, त्याचं बरोबर धरून बाकीचे गप्प बसतात.

विलास मात्र हार मानणारा नव्हे. "लई शिकवताय आण्णा. बागंत फवारणी करताय तेव्हा अहिंसा कुठं जाती? मिलीबगला जीव नाही?"

"हाय की. ती उद्योगी हिंसा. घर चालवताना आरंभी, धंद्यात उद्योगी, अंगावर आलेल्याला अडवताना विरोधी, आणि मारायचं ठरवून मारलं तर संकल्पी. संसारी माणसाला संकल्पी पुरती सोडावी लागती, बाकीच्या जमतील तेवढ्या कमी करायच्या. सूट मिळाली म्हणून पाप धुतलं जात नाही. म्हणून मी आठवडा झाला की पंप काढला, असं करत नाही. पानं उलटून, ओलांड्याची साल खरवडून बघतो. कीड दिसली त्याच ओळीला औषध. दुकानदाराला माझा राग येतोय, येऊ दे."

"पंप!" सुभान एकदम उठला. "आण्णा, तो पंप माझा हाय! दोन हंगाम झालं नेऊन."

आण्णा गडबडले. कट्ट्यावर पहिल्यांदाच.

"सांगा आता," सुभान म्हणाला, "पंप माझ्याकडं हाय का नाही?"

"द्रव्याच्या बाजूनं तुझाच हाय," आण्णा हळूच म्हणाले. "क्षेत्राच्या बाजूनं... माझ्या शेडात हाय."

"आणि काळाच्या बाजूनं?" विलास ओरडला. त्याला इतका आनंद मी सिमकार्ड बदललं त्या दिवशीही पाहिला नव्हता.

"उद्या सकाळी आणून देतो."

"लिहून घे रे शिरीष," सुभान म्हणाला, "नाहीतर ह्याचीबी तारीखच पडंल."

मग शिरीषसकट सगळे इतके हसले की शेजारच्या कट्ट्यावरची पोरं काय झालं म्हणून बघायला आली.