डॉलर चाळीसचा झाला तर पारोळ्याच्या कापसाचं काय होईल

"१९४७ ला १ डॉलर = १ रुपया होता. आज बघा काय हाल केले! डॉलर ४० चा झाला तर पेट्रोल निम्म्यात, सोनं निम्म्यात, महागाई खलास. रुपया मजबूत तर शेतकरी, व्यापारी, नोकरदार सगळेच मजबूत. प्रत्येक देशभक्ताने १० जणांना पाठवा."

हा मेसेज मला जळगाव जिल्ह्यातल्या पारोळ्याच्या मामांकडून आला. मामांची आठ एकर कोरडवाहू कपाशी आहे. दुसऱ्या कोणी पाठवला असता तर पुसून मोकळा झालो असतो. पण कापूस पिकवणाऱ्या माणसानं "डॉलर चाळीसचा व्हावा" असं दहा जणांना कळवायचं, हे काही मला बघवलं नाही. मी अठरा वर्षं एका जिनिंगमध्ये हिशेब लिहितो. रोज सकाळी कापसाचा भाव उघडायच्या आधी आमच्याकडे दोन आकडे बघतात. एक न्यूयॉर्कच्या वायद्याचा आणि दुसरा डॉलरचा. मामांना त्याच दिवशी फोन केला आणि तासभर बोललो. त्यांनी विचारलं तसंच इथे मांडतो.

"पण सत्तेचाळीस साली तर एकाला एक होता ना?"

नव्हता. तेव्हा रुपया डॉलरला नाही, पौंडाला बांधलेला होता. एका रुपयाला १ शिलिंग ६ पेन्स हा दर १९२७ पासून चालत आला होता, म्हणजे एका पौंडाला साधारण १३ रुपये ३३ पैसे. पौंड त्या वेळी ४.०३ डॉलरचा होता. भागाकार केला की डॉलर ३ रुपये ३० पैशांच्या आसपास येतो. १९४९ मध्ये पौंडाबरोबर रुपयाही उतरला आणि डॉलर ४.७६ झाला, जून १९६६ मध्ये ७.५० झाला. आणि नुसता आकडा लहान म्हणजे चलन मजबूत, हेही खरं नाही. एका डॉलरला शंभराहून जास्त येन मोजावे लागतात, म्हणून कोणी जपानला गरीब म्हणत नाही.

"मी कुठे निर्यात करतो? माझा कापूस तर गावातच विकला जातो."

सगळा घोळ इथेच आहे, म्हणून इथे जरा थांबून सांगतो.

मामांचा कापूस आमच्यासारख्या जिनिंगमध्ये येतो. एक क्विंटल कापूस रेचल्यावर साधारण ३४ किलो रुई आणि ६४ किलो सरकी निघते, बाकी घट. सरकी तेलाच्या घाण्यावर जाते आणि रुईच्या गाठी सूतगिरणीला. गिरणीचा खरेदीदार आमचा भाव घेतो तसा परदेशातल्या रुईचाही भाव रोज घेतो. जी स्वस्त पडेल ती तो उचलतो, कारण त्याचं सूतही पुढे बांगलादेशाला किंवा चीनला जाणार असतं आणि तिथे त्याला डॉलरमध्येच भाव मिळणार असतो. त्यामुळे मामांचा कापूस जिल्ह्याबाहेर गेला नाही तरी त्याचा भाव डॉलरलाच टांगलेला असतो.

आता हिशेब. आकडे समजायला सोपे, गोल धरतो. जगाच्या बाजारात रुई एका पौंड वजनाला ८० सेंट आहे समजा. ३४ किलो म्हणजे ७५ पौंड, म्हणजे ६० डॉलरची रुई. डॉलर ८५ रुपयांचा असेल तर तिचे ५,१०० रुपये होतात. सरकी ३५ रुपये किलोनं धरली तर २,२४० रुपये. एका क्विंटलमागे एकूण ७,३४० रुपये हातात येतात. त्यातून रेचाई, गाठ बांधणी, भाडं आणि जिनिंगचा नफा निघतो आणि उरलेला भाव शेतकऱ्याला.

डॉलर ४० चा करा. रुई तीच, ६० डॉलरचीच, पण तिचे आता २,४०० रुपये. सरकीचा भाव तसाच राहिला असं मी मामांच्या बाजूनं धरून चाललो. खरं तर तोही पडेल, कारण बाहेरचं पामतेल आणि सोयाबीन तेल स्वस्त झालं की सरकी तेलाला कोण विचारतो? तरी एकूण ४,६४० रुपयेच होतात. क्विंटलमागे २,७०० रुपये गेले. मामांना गेल्या हंगामात चाळीस क्विंटल कापूस झाला होता. त्याच्यावर एक लाख आठ हजारांचा फटका.

फोनवर थोडा वेळ आवाजच आला नाही. मग मामा म्हणाले, "खतं पण तर बाहेरूनच येतात, ती स्वस्त होतील." म्हटलं, मामा, गोणीवरचा आकडा बघा. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैसे, डीएपीची ५० किलोची १,३५० रुपये. युरियाची किंमत सरकारनंच ठरवलेली आहे आणि डीएपीची सरकारनं अनुदान देऊन धरून ठेवलेली आहे. रुपया वधारला तर अनुदानाचा बोजा सरकारचा हलका होईल, तुमच्या गोणीचा दर आपोआप उतरणार नाही. वेचणीला किलोमागे दहा-बारा रुपये लागतात, ते मजुराला रुपयांतच द्यायचे. निंदणी, फवारणी, बैलजोडी, ट्रॅक्टरचं भाडं, सगळं रुपयांत. म्हणजे उत्पन्न डॉलरवर आणि खर्च रुपयांवर, अशी तुमची शेती आहे.

हमीभावाचा मुद्दा त्यांनी काढला आणि तो अर्धा खरा आहे, मान्य करतो. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० रुपये हमीभाव ठरला आणि बाजार त्याच्या खाली गेला की सीसीआय, म्हणजे सरकारचं कापूस महामंडळ, खरेदीला उतरतं. पण तिथे ओलावा मोजतात. १२ टक्क्यांच्या वर निघाला की गाडी परत. ८ ते १२ च्या मध्ये निघाला तर भाव कापून मिळतो. दिवाळीच्या सुमाराला पहिल्या वेचणीचा कापूस घरात येतो तेव्हा तो हाताला गार लागतो, मुठीत दाबला तर गोळा होऊन राहतो. तो वाळवून, नोंदणी करून, आपला नंबर येईपर्यंत थांबायचं, तर तोवर दुकानदाराची उधारी थांबत नाही. घाईचा माणूस व्यापाऱ्यालाच देतो, बाजारात असेल त्या भावानं.

डॉलर एकदम चाळीसवर येणार नाही, हे मलाही कळतं. म्हणून लहान आकडा घ्या. ८५ चा ८१ झाला, म्हणजे रुपया पाचेक टक्के वधारला. ६० डॉलरला चार रुपये, म्हणजे क्विंटलमागे २४० रुपये. चाळीस क्विंटलला ९,६००. इतकं तर एका हंगामात सहज घडू शकतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. सगळे म्हणतात, यंदा भाव जरा नरम आहे. रावेर-यावलची जी केळी कंटेनरमध्ये बसून आखाती देशांत जाते, तिचंही गणित हेच.

"आयात करणाऱ्याचा तरी फायदा आहे की नाही?"

आहे, आणि तो नाकारायचं कारण नाही. जळगावच्या एमआयडीसीत पाइप आणि चटया बनवणाऱ्यांचा प्लास्टिकचा कच्चा माल बऱ्याच अंशी बाहेरून येतो. दालमिलवाले म्यानमारची आणि आफ्रिकेची तूर आणतात. रुपया वधारला की त्यांची खरेदी स्वस्त होते. पण गोदामात जुन्या दराचा माल पडलेला असताना दर घसरला तर तो तोट्यात विकावा लागतो, आणि बाहेरची तूर स्वस्तात उतरली की आपल्या तुरीला भाव मिळत नाही. मामांच्या कपाशीत दर आठ-दहा ओळींनंतर तुरीची एक ओळ असते.

"महागाई तर संपेल ना?"

रिझर्व्ह बँक दर सहा महिन्यांनी पतधोरण अहवाल काढते. एप्रिल २०२४ च्या अहवालात हाच प्रश्न हिशेबानं सोडवला आहे. रुपया ५ टक्के वधारला तर महागाईचा दर सुमारे ०.३५ टक्के बिंदूंनी कमी होईल, आणि त्याच वेळी विकासदरही सुमारे ०.२५ टक्के बिंदूंनी घटेल. म्हणजे महागाई ५ टक्के असेल तर ती ४.६५ होईल. खलास होत नाही. आणि विकासदर घटतो म्हणजे त्याची किंमत धंदा-रोजगारात मोजावी लागते.

असं का, ते घरातच बघा. दूध, भरताची वांगी, दादर ज्वारीचं पीठ, खोलीचं भाडं, क्लासची फी यांतलं थेट डॉलरनं काय येतं? तेल, इंधन, मोबाइल यांवर फरक पडतो, तो मान्य. पण पेट्रोलही निम्मं होत नाही. कच्च्या तेलाचं एक पिंप १५९ लिटरचं. ते ७५ डॉलरला धरलं तर लिटरमागे डॉलर ८५ असताना ४० रुपये पडतात आणि डॉलर ४० असताना १९ रुपये. २१ रुपये वाचले. केंद्राचा कर लिटरमागे ठरलेल्या रुपयांत असतो, तो हलत नाही. राज्याचा कर टक्केवारीत आहे म्हणून थोडा उतरेल. शंभरावरचं पेट्रोल ऐंशीच्या आसपास येईल. चांगलंच आहे ते, पण मेसेजमध्ये लिहिलंय तसं नाही.

"परदेशात जाणाऱ्यांना सोपं पडेल."

शिकायला जाणाऱ्या मुलांना नक्की पडेल, फी आणि राहण्याचा खर्च दोन्ही कमी होतील. पण मामांच्या शेजारचा मुलगा दुबईत आहे, त्याचं उलटं होईल. तिथला दिऱ्हाम डॉलरला बांधलेला आहे, ३.६७ ला एक. तो महिन्याला दोन हजार दिऱ्हाम घरी पाठवतो, त्याचे डॉलर ८५ चा असताना ४६ हजार होतात, डॉलर चाळीसचा झाला तर २२ हजारही होणार नाहीत. बहिणीच्या लग्नाचं कर्ज मात्र रुपयांतच आहे. पशुपतिनाथाच्या यात्रेला जाणाऱ्यांना काही फरक पडणार नाही. नेपाळचा रुपया १९९३ पासून आपल्याला १.६० च्या दरानं बांधलेला आहे. आणि अजिंठा बघायला येणाऱ्या विदेशी पाहुण्यांना आपल्याकडचं सगळंच दुपटीनं महाग पडेल, ते जळगावात कशाला उतरतील?

"सोनं?"

हे मामींनी मागून विचारलं. सोनं निम्म्याहून खाली येईल, हे खरं. ज्याला नवीन घ्यायचंय त्याच्यासाठी ठीक. पण मामींच्या पाटल्या पेरणीच्या वेळी बँकेत तारण ठेवल्या आहेत. बँकेनं शंभराच्या सोन्यावर पंचाहत्तरपर्यंत कर्ज दिलंय. त्या शंभराचे सत्तेचाळीस झाले की कर्जच सोन्यापेक्षा मोठं होतं. मग बँकेचं पत्र येतं: फरकाची रक्कम भरा, नाहीतर लिलाव करू. आणि ती रक्कम भरायची कापसाच्या पैशातून, त्या ४,६४० मधून.