कोण गेलं?

आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या गल्लीत रात्री पावणेतीनला घरात दिवा दिसला आणि कुणी ओरडलं, तर त्याचा अर्थ एकच. म्हणून गुरुवारी पहाटे दारावर थाप पडली, तेव्हा बाहेर शेजारचे अप्पाकाका खांद्यावर टॉवेल टाकून आणि हातात बॅटरी घेऊन, तिरडीच्या तयारीनेच उभे होते.

"कोण गेलं रे?"

"कोणी नाही काका. गोल झाला."

"काय गोल झालं?"

आता पावणेतीनला काय काय समजावून सांगणार? मूळ वैताग तर वेगळाच होता. तो गोल मी पाहिलेलाच नव्हता. मी ओरडलो ते व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज बघून. आमच्या लिव्हरपूलवाल्यांच्या, म्हणजे इंग्लंडातल्या त्या फुटबॉल क्लबच्या चाहत्यांच्या, ग्रुपात निपाणीचा एक जण आहे, त्याच्याकडे छतावरची डिश. मी बघतो मोबाइल अ‍ॅपवर. अ‍ॅपवाले चित्राचे काही सेकंदांचे तुकडे करून पाठवतात आणि मध्येच अडकू नये म्हणून आपला फोन तसे दोनचार तुकडे साठवून मगच दाखवायला लागतो. त्यात आमचं नेट. एकूण निपाणी माझ्यापुढे अर्धा-पाऊण मिनिट असते. पडद्यावर आमचा गोलकीपर निवांत चेंडू मांडत होता आणि ग्रुपात "येस्स्स्स!" पडलं. मी ओरडलो, थाप पडली, दार उघडायला गेलो, आणि खरा गोल झाला तेव्हा मी अप्पाकाकांच्या बॅटरीकडे बघत होतो.

ग्रुप म्यूट का केला नाही, असं कुणी विचारेल. करायला हवा होता.  नाहीतर मजकूर फोनच्या कपाळावर दिसायचा तो दिसतोच. किंवा व्हॉट्सअ‍ॅपचं नोटिफिकेशनच फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन सरळ बंद करावं. शिवाय स्कोअर सांगणारं दुसरं अ‍ॅप असतं, ते निपाणीच्याही पुढे. तेही बंद. हे सगळं मला माहीत आहे. माहीत असणं आणि दीड वाजता झोपेत करणं यात शहापूर ते लिव्हरपूल एवढं अंतर आहे.

आणि झोपेचं म्हणाल, तर ती घड्याळाने खाल्लेली. इंग्लंडात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर मागे सरकवतात आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी पुन्हा पुढे. आपलं सरकत नाही. त्यामुळे त्यांचा रात्री आठचा सामना उन्हाळ्यात आपल्याकडे साडेबाराला लागतो आणि हिवाळ्यात दीडला. मी जुनाच गजर ठेवून सव्वाबाराला उठलो आणि सव्वा तास भिंतीवरच्या पालीची सेंटर फॉरवर्ड म्हणून चाचणी घेतली. शिवाय तिकडच्या वेळापत्रकात 'बुधवार' लिहिलेलं असतं, तो सामना आपल्याला गुरुवारी पहाटे पडतो. याच चुकीपायी आमच्या ग्रुपातला एक जण आदल्या रात्री चहाचा थर्मास भरून बसला होता. शहाण्याने गजर लावताना बुधवारची झोप मोजावी आणि तारीख गुरुवारची टाकावी.

तर काका. ते परत जाईनात. झोप तर मोडलीच, मग काहीतरी पदरात पाडून जावं असा त्यांचा स्वभाव. आत आले, खुर्चीत बसले, बॅटरीचा उजेड माझ्या जर्सीच्या पाठीवर मारला आणि तिथलं नाव एकेक अक्षर लावून वाचायला लागले.

"अलेक्झांडर... आर्नोल्ड. हा कोण?"

"आमचा खेळाडू होता. गेला तो."

काकांनी बॅटरी विझवली. "कधी?"

"जून 2025 ला."

"अरेरे. वय काय?"

"सव्वीस."

"लहान की रे! काय झालं होतं?"

"काही नाही. करार संपत आला होता. माद्रिदला गेला."

"मद्रासला नेलं होतं? तिथं दवाखाने चांगले म्हणतात. तरी नाहीच वाचला?"

"काका, खेळायला गेला! सहा वर्षांचा असल्यापासून आमच्या अकादमीत होता, गाव पण लिव्हरपूलच. तरी गेला. तिथं त्याला बारा नंबर दिलाय."

"बारावा तिथंच घातला?" काकांचा आवाज खरंच कातर झाला. "मग तू हे अंगात का घालालायस? गेलेल्या माणसाचं वापरू नये रे."

यावर मला उत्तर नव्हतं, कारण ते काकांना वाटत होतं त्याहून जास्त खरं होतं. या जर्सीवर मी उधळलेला पैसा आठवला की अजून पोटात कालवतं. ती ऐन हंगामाच्या सुरुवातीला, पूर्ण किमतीत घेतली. तीही प्लेअर व्हर्जन, म्हणजे खेळाडू मैदानात घालतात तसली. तिच्यावरचं चिन्ह शिवलेलं नसतं, उष्णतेने चिकटवलेलं असतं. गरम इस्त्री लागली किंवा धोपटून धुतली की कडा उचलतात. माझ्या छातीवरचा पक्षी एका पंखाने उडालाच आहे. बेतही अंगाला चिकटणारा. कुंद्याच्या गावात राहून तसला बेत कुणी घेऊ नये. साधी फॅन व्हर्जन स्वस्त असते, सैल असते, चिन्ह बहुधा भरतकामाचं असतं आणि पोटाबद्दल काही बोलत नाही.

त्यावर नावाचा खर्च. छापणाऱ्याने अक्षराला चाळीस रुपये लावले आणि मधली आडवी रेघही अक्षर म्हणून धरली. सोळा गुणिले चाळीस, सहाशे चाळीस. त्याच्या 66 नंबरातल्या दोन सहांचे वेगळे. आणि नाव छापलं की जर्सी सहसा परत घेत नाहीत. पुढच्याच उन्हाळ्यात तो गेला आणि क्लबने नायकी सोडून आदिदास धरलं. म्हणजे माणूसही जुना, कापडही जुनं.

आता माझा नियम असा: नाव नाही, आणि मार्च-एप्रिलपर्यंत थांबायचं. पुढच्या हंगामाची नवी यायची वेळ झाली की चालू जर्सीवर सवलत सुरू होते. तिकडून थेट मागवायची असेल तर पौंडांतली किंमत बघून हुरळू नये. आपल्याकडे सीमाशुल्क नुसत्या कापडावर नाही, टपालखर्च धरून लागतं, वर जीएसटी, वर कुरिअरवाल्याची हमाली. गल्लीबोळात 'फर्स्ट कॉपी' मिळते ती घ्यायची तर कॉपी म्हणून घ्यावी. अस्सल म्हणून विकत असतील तर आतल्या लेबलावरचा कोड नेटवर शोधावा. दुसरीच जर्सी निघाली तर नकली नक्की. बरोबर निघाली तरी अस्सल नक्की नाही, कारण आता कोडही छापतात लेकाचे.

काका मात्र पडद्याकडे बघत होते. "हे सगळं कोल्हापुरात होतंय की. शाहू स्टेडियम. पाटाकडील-दिलबहार सामना. उजेडात. एसटीने जाऊन संध्याकाळी जेवायला घरी." याचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं. मग ते शेवटपर्यंत बसले, दोनदा चहा प्याले, आणि जाताना पुन्हा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "धीर धर."

सकाळी दूधवाल्याने पिशवी देताना चप्पल बाहेर काढली. मागून समोरच्या वहिनी आल्या, डोक्यावर पदर घेऊन.

"मद्रासला तुमचं कोण होतं हो?"