मे महिन्यातला टँकर आणि 300 ‘फुकट’ लीटर

“नागपूरच्या उन्हात डेपोतून निघालेलं 12,000 लीटर पेट्रोल पंपावर येईपर्यंत 300 लीटरने फुगतं. म्हणूनच पंपवाले टँकर दुपारी रिकामा करतात. डेन्सिटी तपासायला मागा, चोरी उघडी पडेल. आणि पेट्रोल पहाटेच भरा.”

या दाव्यातला 300 हा आकडा हवेतून आलेला नाही, भलत्या जागी लावलेला आहे. 36 अंश सेल्सियसवरचे 12,000 लीटर तापमान-रूपांतराच्या तक्त्याने 15 अंशांवर आणले तर सुमारे 11,692 भरतात, म्हणजे 308 लीटरचा फरक. पण डेपोने पेट्रोल 15 अंशांवर मोजून दिलं असतं तरच ते पंपवाल्याच्या पदरात पडले असते. पंपासाठी टँकर भरतात तेव्हा पेट्रोल ज्या तापमानाला असेल त्याच तापमानाचे लीटर धरतात. चलनावर 15 अंशांची असते ती डेन्सिटी. आणि मे महिन्यात डेपोच्या जमिनीवरच्या टाक्यांतलं पेट्रोल आधीच तापलेलं असतं.

वाटेत वाढतं ते वेगळं आणि थोडं. पेट्रोल दर अंशाला साधारण 0.12 टक्के प्रसरण पावतं, म्हणजे 12,000 लीटरमागे सुमारे 14.5 लीटर. एवढं पेट्रोल एका अंशाने तापवायला जवळपास 5 युनिट विजेइतकी उष्णता लागते. भर दुपारचं ऊन टँकरला तेवढी द्यायला ढोबळमानाने तास घेतं. दीड तासाच्या फेरीत 36 चं 37.5 झालं, तर वाढ 22 लीटर. 300 लीटर वाढायला ते 57 अंशांच्या आसपास जावं लागेल.

आता दुपारचा फायदा. समजा पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत 31 अंशांचं 8,000 लीटर पेट्रोल आहे आणि त्यात हे 37.5 चं 12,000 ओतलं. मिश्रण साधारण 35 अंशांवर येतं. नवं पेट्रोल जेवढं आकसतं, जवळपास तेवढंच जुनं फुगतं, त्यामुळे लगेच टाकीत रॉड बुडवून डिप घेतली, म्हणजे पातळी मोजली, तर बेरीज जुळते आणि सगळे खूश होतात. खरी घट पुढे येते, कारण भोवतालची माती ही उष्णता हळूहळू शोषून घेते. विक्री होण्याआधीच सगळं परत 31 वर आलं, तर 36 अंशांवर घेतलेल्या 12,000 लीटरमधले सुमारे 72 लीटर गायब दिसतात. एवढा वेळ क्वचितच मिळतो, म्हणून प्रत्यक्षात घट त्याहून कमी. पण मे महिन्यात हिशेबाची दिशा पंपवाल्याच्या तोट्याची असते, नफ्याची नाही.

डेन्सिटीवर तर सगळ्यात जास्त गोंधळ आहे. टँकरमधून 50 लीटर काढून घेतले तरी उरलेल्या पेट्रोलची डेन्सिटी तीच राहते. ती भेसळ पकडते, चोरी नाही. नमुना जारमध्ये घेऊन हायड्रोमीटर आणि थर्मामीटर एकाच वेळी वाचायचे: 36 अंशांवर घनमीटरला 725 किलो आलं, तर तक्त्याने 15 अंशांवर सुमारे 744. चलनातल्या आकड्याशी फरक 3 च्या आत हवा. इथे घाई नडते. तापमानात एका अंशाची चूक झाली की डेन्सिटी जवळपास 0.9 ने सरकते. जार उन्हात ठेवून तापमान नंतर पाहिलं, तर चांगला माल नापास होऊ शकतो.

लीटर कमी आहेत का, हे डिप रॉडच सांगतो, पण तापमानासकट. टँकर सपाट जागी उभा करून, पेट्रोल स्थिरावू देऊन, सील तपासून प्रत्येक कप्प्याची डिप घ्यायची. तापमान कप्प्याच्या मध्याच्या खोलीवरचं; तापलेल्या झाकणाजवळचं फसवं असतं. संध्याकाळी 38 अंशांवर भरलेला टँकर सकाळी 35 वर पोचला, तर 12,000 मागे सुमारे 44 लीटर कमी दिसणं चोरीशिवायही शक्य आहे. त्याच टँकरात 37 अंश असूनही 44 कमी असतील, तर तापमानाने फक्त 14-15 लीटरचा खुलासा होतो. उरलेल्या 30 बद्दल ड्रायव्हरला विचारायलाच हवं. त्यासाठी भरतानाचं तापमान नोंदलेलं असलं पाहिजे. ते नसेल तर हा वाद कुणीच जिंकत नाही.

उन्हाळ्यातला लीटर हिवाळ्यातल्या लीटरपेक्षा वजनाने हलका असतो, एवढं मात्र खरं. म्हणून पहाटे उठायचं कारण नाही. जमिनीखालच्या टाकीचं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही, आणि एका अंशाचा फरक पडलाच तरी 5 लीटरमागे 6 मिलीलीटर होतो. नोझलवर शंका असेल तर पंपावरच्या 5 लीटरच्या प्रमाणित मापात पेट्रोल काढून दाखवायला सांगा. त्यात 25 मिलीलीटरपर्यंतची चूक क्षम्य धरतात, म्हणजे चार अंशांच्या फरकाएवढी.